फरशीवरचा दोरा : केओएच माउंटमध्ये बुरशी कशी ओळखायची

नायटा नुसत्या नजरेनं ओळखू येतो, मग कोंडा खरवडून काचेवर कशाला घ्यायचा, असं पुष्कळांना वाटतं. नायटा पुस्तकातल्यासारखा असेल तर ते ठीकही आहे. पण आपल्याकडे येणारा नायटा बऱ्याचदा तसा राहिलेला नसतो. आज एकच रुग्ण घेऊ आणि त्याची स्लाइड शेवटपर्यंत वाचू.

समजा, तिशीतला माणूस आहे. दिवसभर घट्ट जीन्स घालून दुचाकीवर असतो. दोन महिन्यांपासून दोन्ही जांघांत खाज आहे आणि मेडिकलच्या दुकानातून आपल्याच मनानं आणलेलं, स्टेरॉइड मिसळलेलं मलम तो लावतोय. स्टेरॉइडनं दाह दबतो, त्यामुळे लाली कमी होते आणि गजकर्णाचं ठसठशीत कडं मोडतं. बुरशी मात्र मरत नाही, उलट तिला रान मोकळं मिळतं. समोर दिसतो तो तांबूस-काळपट डाग, ज्याला इसबही म्हणता येईल. फक्त मांडीच्या बाजूला एक उंचावलेली अर्धगोल कडा शिल्लक आहे आणि तिच्यावर थोडा कोंडा आहे.

आपल्याला हवी आहे ती ही कडा. बुरशी त्वचेच्या सगळ्यात वरच्या मृत थरात बाहेरच्या दिशेनं पसरत जाते. मधला भाग जुना, तिथे ती विरळ असते. डागाच्या मध्यातून कोंडा घेतला तर उरलेलं सगळं काम बिनचूक करूनही काही सापडत नाही.

आधी ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्यानं जागा पुसा. हे नुसतं जंतू घालवण्यासाठी नाही. मलमाचे थेंब सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टच्या पेशींसारखे गोल दिसतात, ते जायला हवेत. अल्कोहोल पूर्ण वाळू द्या, नाहीतर खवले त्वचेलाच चिकटून बसतात. मग बोथट झालेलं १५ नंबरचं ब्लेड किंवा दुसऱ्या स्लाइडची कड जवळजवळ उभी धरून आतून बाहेर खरवडा. खाली काळा कागद धरला की पांढरे खवले लगेच दिसतात. खसखशीएवढे आठ-दहा खवले स्लाइडसाठी पुरतात. ढीग घातला तर तो विरघळत नाही आणि गचपणात काहीच दिसत नाही.

द्रावण सोपं आहे : ८० मिलि डिस्टिल्ड पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड म्हणजेच केओएच, आणि गार झाल्यावर १० मिलि ग्लिसरीन. ग्लिसरीनमुळे स्लाइड लवकर वाळत नाही. गोळ्या पाण्यात टाकायच्या, गोळ्यांवर पाणी ओतायचं नाही, कारण विरघळताना चांगलीच उष्णता निघते. बाटली प्लास्टिकची घ्या. हा अल्कली काचेला खातो आणि काचेचं बूच कायमचं अडकतं. जांघेच्या पातळ कातडीला एवढी ताकद पुरते. तळपायाच्या जाड कातडीला २० टक्के लागतं. नखाला ४० टक्के, आणि तेही रात्रभर.

खवल्यांवर एक थेंब टाका, कव्हरस्लिप ठेवा आणि १० ते २० मिनिटं थांबा. तेवढ्यात केराटिन फुगून विरघळू लागतं आणि पेशी काचेसारख्या पारदर्शक होतात. बुरशीची भिंत कायटिन आणि ग्लुकानची, ती या अल्कलीला बराच वेळ दाद देत नाही. सगळी परीक्षा या फरकावर उभी आहे. घाई असेल तर स्लाइड ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवा. तळहाताच्या मागच्या बाजूला सोसेल इतकीच गरम. उकळी आली की केओएचचे स्फटिक पडतात आणि त्यांच्या सुया सगळीकडे चमकत बसतात. शेवटी टिपकागदानं कव्हरस्लिप हलकेच दाबा. खवले चपटे होऊन जवळजवळ दिसेनासे झाले म्हणजे स्लाइड तयार. कडेला आलेला थेंब टिपून घ्या, नाहीतर तो ऑब्जेक्टिव्हच्या भिंगाला लागेल.

आता सूक्ष्मदर्शक. इथे सगळ्यात जास्त हुकतं, आणि हुकतं ते लख्ख उजेडामुळे. बुरशीचे तंतू रंगहीन असतात; पूर्ण प्रकाशात ते विरून जातात. कंडेन्सर खाली घ्या, आयरिस बरीचशी बंद करा, चित्र थोडं करडं होऊ द्या. १० एक्सवर सगळी कव्हरस्लिप ओळीनं पाहा, शेत नांगरतात तशी, आणि संशय आला तिथे ४० एक्स लावा.

आपल्या रुग्णाच्या स्लाइडवर १० एक्सला पेशींची फिकट चादर दिसते आणि तिच्यावरून गेलेल्या दोन-तीन चमकदार, किंचित हिरवट रेषा. ४० एक्सवर त्यातल्या एका रेषेला दोन समांतर कडा दिसतात, म्हणजे ती नळी आहे. रुंदी दोन ते चार मायक्रॉन, आणि ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळजवळ तीच. बाजूची कातडीची पेशी साधारण तीस मायक्रॉनची, तेव्हा तंतू तिच्या दहाव्या हिश्शाएवढा. थोड्या थोड्या अंतरावर आडवे पडदे आहेत, एके ठिकाणी फांदी फुटली आहे. एका टोकाला नळी तुटून चौकोनी-गोलसर मण्यांची माळ झाली आहे, ते आर्थ्रोकोनिडिया.

पण नवशिक्याला फसवणारी दुसरी एक जाळी असते, तिला मोझेक म्हणतात. पेशींच्या सांध्यांत साठलेल्या स्निग्ध पदार्थांमुळे तीही चमकते आणि फांद्या फुटल्यासारखी दिसते. फरशीच्या घरात उभे आहात असं समजा. मोझेक म्हणजे दोन फरश्यांमधल्या सांध्याची रेघ. ती सांध्यातूनच जाणार, कोपऱ्यावर वळणार. बुरशी म्हणजे फरशीवर पडलेला दोरा. तो सांधे बेलाशक ओलांडतो. बारीक फोकस वर-खाली करत रेषेबरोबर चला आणि ती किमान तीन-चार पेशींच्या सीमा आडव्या कापते का, ते पाहा. शंका उरली तर स्लाइड आणखी अर्धा तास ठेवा. मोझेक विरत जातो, तंतू उलट अधिक स्वच्छ दिसतो.

कपड्याचा धागा त्या मानानं भोळा. तो कितीतरी जाड असतो, पिळलेला असतो, त्यात पडदे नसतात आणि तो खवल्याच्या बाहेरही लांब जातो. हवेच्या बुडबुड्याची कड काळी जाड असते.

तंतूंबरोबर अंकुर फुटलेल्या यीस्टपेशी आणि सांध्याशी आवळलेले तंतू दिसले तर कॅन्डिडाचा विचार करा. शेवयांच्या तुकड्यांत साबुदाणा सांडल्यासारखं दिसलं, म्हणजे आखूड वाकडे तंतू आणि गोल पेशींचे घोस, तर ती शिब्यांची मॅलासेझिया. तिच्यावरचे उपचार निराळे, म्हणून अहवालात हे स्पष्ट लिहायचं.

आपल्या रुग्णाचा अहवाल असा : ‘पडदे आणि फांद्या असलेले रंगहीन तंतू दिसले, डर्माटोफाइटशी सुसंगत.’ डर्माटोफाइट म्हणजे नायटा करणारी बुरशी. जातीचं नाव लिहायचं नाही, कारण तिच्यातले सगळे ट्रायकोफायटन केओएचमध्ये सारखेच दिसतात. भारतात सध्या चर्चेत असलेला, टर्बिनाफाइन या बुरशीनाशकाला अनेकदा न जुमानणारा ट्रायकोफायटन इंडोटिनी इथे वेगळा काढता येत नाही. त्याची खात्री जनुकीय तपासणीनंच होते. तंतू जिवंत की मेलेले, हेही या स्लाइडवर कळत नाही. उपचार संपल्यावर लगेच स्लाइड पॉझिटिव्ह आली म्हणून औषध हरलं असं म्हणता येत नाही.

काहीच दिसलं नाही तर ‘बुरशी नाही’ असं लिहू नका, ‘तंतू दिसले नाहीत’ असं लिहा. रुग्णानं गेल्या काही दिवसांत बुरशीनाशक लावलं होतं का, ते विचारा आणि दुसऱ्या कडेवरून पुन्हा कोंडा घ्या. उरलेले खवले काळ्या कागदाच्या घडीत कोरडेच ठेवा आणि सायक्लोहेक्झिमाइड घातलेल्या सबुरो अगारवर कल्चरला पाठवा. त्याचा निकाल यायला चार आठवडेही लागतात, हे रुग्णाला आधीच सांगून ठेवा.