4.20 की 4.35? लिथियम सेलच्या वरच्या व्होल्टेजचा हिशेब

मोबाइलची जुनी बॅटरी बाहेर काढून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली, तर व्होल्टेजचे दोन आकडे दिसतात. एक सरासरी व्होल्टेजचा: 3.7, 3.8 किंवा 3.85. दुसऱ्याच्या आधी ‘लिमिटेड चार्ज व्होल्टेज’ असं लिहिलेलं असतं. 3.7च्या सेलला तो बहुधा 4.20 असतो, 3.8च्या सेलला 4.35 आणि 3.85च्या सेलला 4.40. आज बोलायचं आहे ते या दुसऱ्या आकड्याबद्दल. हा आकडा सेल बनवणाऱ्याने निवडलेला असतो. तो वर सरकवला की एका चार्जमध्ये जास्त वीज मिळते आणि सेल लवकर म्हातारा होतो. असं का होतं, ते एकाच प्रकारचा सेल घेऊन पाहू: कॅथोड, म्हणजे धन टोक, लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा; ॲनोड, म्हणजे ऋण टोक, ग्राफाइटचा. जॉन गुडइनफ यांच्या ऑक्सफर्डमधल्या गटाने 1980मध्ये हा कॅथोड मांडला आणि 1991मध्ये सोनीने त्यावर आधारलेला सेल बाजारात आणला. त्या सुरुवातीच्या सेलची वरची मर्यादा 4.1 व्होल्टच होती.

चार्जिंग म्हणजे कॅथोडमधलं लिथियम काढून ग्राफाइटमध्ये नेऊन ठेवणं. LiCoO₂ मधलं सगळं लिथियम काढता आलं असतं, तर प्रत्येक ग्रॅममागे सुमारे 274 एमएएच मिळाले असते. 4.20 व्होल्टला थांबल्यावर मिळतात साधारण 140. म्हणजे मोबाइल ‘शंभर टक्के’ दाखवतो, तेव्हा कॅथोडमधलं जवळपास निम्मं लिथियम अजून जागेवरच असतं. शंभर टक्के हा शब्द त्या पदार्थाला लागू नाही. आपण जिथे थांबायचं ठरवलं, त्या जागेला तो लागू आहे.

आता सेलचं व्होल्टेज म्हणजे काय ते लक्षात घ्या. कॅथोडची पातळी वजा ॲनोडची पातळी. भरत आलेलं ग्राफाइट लिथियम धातूच्या तुलनेत 0.1 व्होल्टच्या आसपास जवळजवळ स्थिर असतं. त्यामुळे शेवटच्या टप्प्यात सेलचं व्होल्टेज वाढतं ते जवळपास सगळं कॅथोडमुळे. एकेक लिथियम बाहेर पडतं तसा कोबाल्ट अधिक ऑक्सिडाइझ होतो आणि पुढचं लिथियम काढायला जास्त ताण द्यावा लागतो. वरची मर्यादा 4.20 वरून 4.35 केली, म्हणजे आपण आणखी थोडं लिथियम ओढून काढायची परवानगी दिली. क्षमता दहा-पंधरा टक्क्यांनी वाढते, आणि ती जास्तीची वीज जास्त व्होल्टेजवर मिळत असल्यामुळे ऊर्जा त्याहून किंचित जास्त वाढते. त्याच जाडीच्या फोनमध्ये हा फायदा मिळतो, म्हणून कंपन्यांना तो हवा असतो. मागणी रास्तच आहे.

किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते.

पहिली जागा कॅथोडचे कण. कोबाल्ट ऑक्साइड पापुद्र्यांचं असतं आणि लिथियम त्या पापुद्र्यांच्या मधे बसतं. लिथियम निघू लागलं की समोरासमोरचे ऑक्सिजनचे थर एकमेकांना ढकलतात आणि पापुद्र्यांमधलं अंतर आधी वाढतं. निम्म्याच्या पुढे बरंच लिथियम काढलं की मग ते अंतर उलट झपाट्याने कमी होतं. हे फुगणं-आक्रसणं चार्ज-डिस्चार्जच्या प्रत्येक चक्रात होतं, आणि मर्यादा जितकी वर, तितका त्याचा पल्ला मोठा. कणांना बारीक तडे जातात. तड्यांमुळे नवीन पृष्ठभाग उघडे पडतात, तिथे इलेक्ट्रोलाइट हा सेलमधला द्रव शिरतो, आणि काही तुकडे विद्युतदृष्ट्या तुटून कायमचे निकामी होतात. निकेल जास्त असलेल्या कॅथोडमध्ये हे आक्रसणं 4.2 व्होल्टच्या आसपासच सुरू होतं, म्हणून ते सेल वरच्या टोकाला आणखी हळवे असतात.

दुसरी जागा इलेक्ट्रोलाइट, आणि माझ्या मते सर्वांत जास्त लक्ष इथेच द्यायला हवं. तो सेंद्रिय कार्बोनेटांचं मिश्रण असतो आणि त्यात LiPF₆ हे क्षार विरघळवलेलं असतं. सेल 4.20 व्होल्टला असतो तेव्हा कॅथोडचा पृष्ठभाग लिथियमच्या तुलनेत सुमारे 4.3 व्होल्टला असतो. त्याच्या वर गेलं की हे द्रव हळूहळू ऑक्सिडाइझ व्हायला लागतं. त्यातून कार्बन डायऑक्साइडसारखे वायू निघतात. मऊ पाकिटातला सेल फुगतो त्याचं हे एक मोठं कारण. LiPF₆ पाण्याच्या अंशाशी रिॲक्शन करून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार करतं, ते कॅथोडमधून कोबाल्ट विरघळवतं, आणि तो कोबाल्ट पलीकडे ग्राफाइटवर जाऊन बसतो. तिथला संरक्षक थर बिघडतो, दुरुस्त होताना आणखी लिथियम खातो. असं अडकलेलं लिथियम परत कामाला येत नाही.

या दुसऱ्या नुकसानाला चक्र लागत नाही, नुसता वेळ पुरतो. सेल टोकाला भरून ठेवला की वापर शून्य असला तरी ऑक्सिडेशन चालूच राहतं, आणि उष्णतेत वेगाने चालतं. नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत पूर्ण भरलेली पॉवर बँक ठेवली, तर उच्च व्होल्टेज, उच्च तापमान आणि वेळ या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या.

तिसरी जागा ॲनोड. बनवताना ग्राफाइट कॅथोडच्या मानाने थोडं जास्त ठेवतात, साधारण दहा टक्के. कारण ग्राफाइटमध्ये जागा संपली, की येणारं लिथियम धातूच्या रूपात पृष्ठभागावर साचतं. आता 4.20साठी बनवलेला सेल कोणी 4.35पर्यंत चार्ज केला, तर कॅथोडमधून ठरल्यापेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त लिथियम येतं आणि राखीव जागा तिथेच संपते. साचलेल्या धातूमुळे सेल लवकर तर मरतोच, आतून शॉर्ट होण्याचा धोकाही उभा राहतो. मुळातून 4.35साठी बनवलेल्या सेलमध्ये ग्राफाइट वाढवलेलं असतं, कॅथोडच्या कणांवर ॲल्युमिना वगैरेचं आवरण दिलेलं असतं, इलेक्ट्रोलाइटमध्ये वेगळे पूरक घातलेले असतात. म्हणून लेबलवरच्या आकड्याच्या खाली जायला पूर्ण मोकळीक आहे, वर जायला अजिबात नाही.

आता हिशेब करू. 18650 आकाराचा, 2500 एमएएचचा, 4.20 मर्यादेचा सेल घ्या. अनुभवाचा नियम असा: मर्यादा 0.1 व्होल्टने खाली आणली की क्षमता सुमारे दहा टक्के कमी होते आणि चक्रं साधारण दुप्पट होतात. हा नियम ढोबळ आहे, सेलप्रमाणे बदलतो, पण दिशा पक्की आहे. समजा 4.20ला हा सेल 500 चक्रांत सुरुवातीच्या क्षमतेच्या 80 टक्क्यांवर येतो. सरासरी 90 टक्के धरली, तर आयुष्यभरात त्याने 500 × 2.5 × 0.9, म्हणजे 1125 अँपिअर-तास दिले. तोच सेल 4.10ला थांबवला, तर सुरुवात 2250 एमएएचने होते आणि 80 टक्क्यांवर यायला 1000 चक्रं लागतात. एकूण 2025 अँपिअर-तास.

याहून महत्त्वाची गोष्ट मधल्या टप्प्यावर दिसते. 500 चक्रांनंतर पहिला सेल 2000 एमएएचवर आलेला असतो. दुसरा तोवर दहाच टक्के घसरलेला असतो, म्हणजे 2025वर. सुरुवातीला ज्याच्याकडे 250 एमएएच कमी होते, तो इथे बरोबरीला आला आणि पुढे प्रत्येक चक्रात जास्त देणार. शिवाय प्रवासाला निघताना एखाद्या दिवशी त्याला 4.20पर्यंत भरून वरचा हिस्सा वापरता येतोच. वरचा हिस्सा अधूनमधून वापरला तर फारसं बिघडत नाही. सेल रोज तिथे ठेवला की बिघडतो.

ही मर्यादा प्रत्यक्षात किती अचूक पाळली जाते, तेही पाहायला हवं. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त चार्जिंग बोर्डांवर बहुतेक वेळा टीपी4056 ही चिप असते. तिची मर्यादा 4.20 व्होल्ट, अधिक-उणे 1.5 टक्के. म्हणजे 63 मिलिव्होल्ट. एखादा बोर्ड 4.14ला थांबेल, दुसरा 4.26ला. दोन्ही नियमात बसतात, पण त्यांच्यावर चार्ज होणाऱ्या सेलच्या आयुष्यात मोठा फरक पडेल. चार्जिंग संपता संपता सेलच्या टोकांवर मल्टिमीटर लावून हा आकडा एकदा वाचून ठेवावा.

याच बोर्डावर आणखी एक चूक सर्रास दिसते. राउटर चालू राहावा म्हणून सेलला समांतर लोड जोडून ठेवतात. ही चिप चार्जिंग बंद करते ती करंट ठरवलेल्या मूल्याच्या दहाव्या भागावर आल्यावर. एक अँपिअरच्या बोर्डाला ती सीमा 100 मिलिअँपिअर. राउटर त्याहून जास्त ओढतो, त्यामुळे चार्जिंग कधी थांबतच नाही आणि सेल महिनोन्महिने 4.20वर टांगलेला राहतो. वर सांगितलेलं ऑक्सिडेशन तिथे अखंड चालतं. कायम जोडून ठेवायच्या कामासाठी 4.0 किंवा 4.1ची चार्जर चिप निवडावी, आणि लोडचा मार्ग वेगळा ठेवावा.

लॅपटॉप कायम चार्जरला लावलेला असेल, तर प्रश्न तोच. लिनक्सवर, हार्डवेअरची साथ असेल तर, ही मर्यादा एका ओळीत घालता येते:

```
echo 80 | sudo tee /sys/class/power_supply/BAT0/charge_control_end_threshold
```

80 टक्के म्हणजे सेलच्या मूळ मर्यादेनुसार 4.0 ते 4.1 व्होल्ट.

सेल वरच्या व्होल्टेजने थकला आहे हे ओळखायला क्षमतेआधी अंतर्गत रोध पाहावा. अर्ध्या भरलेल्या सेलवर 0.5 अँपिअरचा लोड लावून व्होल्टेज वाचा, मग 1.5 अँपिअरचा लावून लगेच पुन्हा वाचा. फरक 60 मिलिव्होल्ट आला, तर रोध 60 मिलिओहम. सेल नवा असतानाचा आकडा लिहून ठेवला असेल, तर त्याच तापमानाला, त्याच चार्जवर तुलना करता येते. रोध दुप्पट झाला असेल, तर चार्जिंगमध्येही खूण दिसते: 4.20 लवकर गाठलं जातं आणि त्यानंतरचा, करंट हळूहळू उतरण्याचा टप्पा लांबत जातो. मऊ पाकिटाचा सेल फुगलेला दिसला, तर मोजत बसू नये. तो वापरातून काढावा.

एका श्रोत्याने इलेक्ट्रिक स्कूटरबद्दल विचारलं आहे. तिच्यात लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल असतील, तर हा हिशेब जसाच्या तसा लावू नका. तो कॅथोड लिथियमच्या तुलनेत 3.45 व्होल्टच्या आसपास काम करतो, त्यामुळे इलेक्ट्रोलाइटच्या ऑक्सिडेशनचा ताण तिथे बराच कमी असतो. मर्यादा 3.65 असते, आणि 3.5 व्होल्टला सावकाश चार्ज केलं तरी सेल जवळजवळ पूर्ण भरतो, इतका त्याचा आलेख सपाट आहे. याच सपाटपणामुळे मधल्या पट्ट्यात व्होल्टेज पाहून चार्ज किती उरला हे बीएमएसला, म्हणजे पॅकवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेला, नीट कळत नाही, आणि सगळ्या सेलचा चार्ज सारखा करायलाही तिला वरचं टोक लागतं. म्हणून अशा पॅकला अधूनमधून पूर्ण भरू द्यावं. स्कूटरच्या माहितीपुस्तिकेत त्यासाठी किती दिवसांचं अंतर दिलं आहे, ते पाहून तेवढंच पाळावं.