गोविंद कोण?

श्रोतेहो, नमस्कार. लहान मुलांचे श्लोक पाठ कसे करून घ्यायचे, यावर पंधरा मिनिटं बोला, असं मला सांगितलंय. बोलते. पण मला त्यातला एक किस्सा सांगायची फार हौस आहे, त्यामुळे पंधरा मिनिटं कुठे जातील ते आताच कळतंय.

मी एकच श्लोक घेणार आहे. 'कराग्रे वसते लक्ष्मीः, करमध्ये सरस्वती, करमूले तु गोविंदः, प्रभाते करदर्शनम्'. तुम्हा सगळ्यांना येतो. साडेतीन-चार वर्षांच्या मुलाला मी पहिला श्लोक हाच देते, 'वक्रतुंड' त्यानंतर. कारण 'निर्विघ्नं'मध्ये ती छोटी जीभ अडखळते, आणि इथे तर श्लोकाचं चित्र मुलाच्या हातातच असतं. कराग्रे म्हणजे बोटांची टोकं, करमध्ये म्हणजे तळवा, करमूले म्हणजे मनगटाजवळचा भाग. एका हाताचं बोट दुसऱ्या हातावरून वरून खाली उतरवत न्यायचं. टोकं, तळवा, मनगट. आणि 'प्रभाते'ला दोन्ही हात उघडून समोर धरायचे.

या श्लोकात एक खड्डा आहे. दुसरा आणि तिसरा चरण दोन्ही 'कर'नेच सुरू होतात. त्यामुळे मूल कराग्रेवरून थेट करमूलेवर उडी मारतं आणि सरस्वती गळते. बोट हातावरून सरकत असेल तर ती गळत नाही, कारण टोकांवरून मनगटाला जायचं तर तळवा वाटेत लागतोच. कृती अशी हवी. पुढचा शब्द कुठला, हे कृतीनेच सांगितलं पाहिजे. नुसते हात हलवणं, कंबर हलवणं, मोबाइलवरच्या त्या गाण्यांत असतं तसं, त्याचा पाठांतराला उपयोग नाही. मुलाला नाच येतो, श्लोक येत नाही. तिथली बाहुली श्लोक इतक्या घाईने म्हणते की जणू तिची बस सुटतेय. असो.

तर किस्सा. संध्याकाळी साडेसहाला आमच्या इमारतीच्या खाली, जिन्यासमोरच्या मोकळ्या जागेत, मी मुलं जमवते. त्या वर्षी आठ मुलं होती. त्यांना गोल बसवायचं आणि चेंडू फिरवायचा, असा माझा खेळ. चेंडू म्हणजे जुन्या मोज्यात चिंध्या भरून शिवलेला. रबरी नको, तो उसळून स्कूटरखाली जातो आणि श्लोक तिथेच संपतो. चेंडू ज्याच्या हातात, त्याने एक चरण म्हणायचा आणि शेजाऱ्याला द्यायचा. चौथा चरण झाला की न थांबता पुन्हा पहिला.

तीन आठवड्यांत चेंडू असा फिरायला लागला की काय सांगू! कुठे अडखळणं नाही. आयाबाया गॅलरीतून बघायच्या, मी मनातल्या मनात फुगायची.

मग चौथ्या आठवड्यात एक नवीन मुलगा आला. त्याला आपण बंड्या म्हणू. चार वर्षांचा, दोन्ही हात खिशात, चेहरा वकिलासारखा. मी त्याला दुसऱ्या आणि तिसऱ्या मुलाच्या मधे बसवलं. चेंडू निघाला. पहिला म्हणाला, 'कराग्रे वसते लक्ष्मीः'. दुसरा म्हणाला, 'करमध्ये सरस्वती'. चेंडू बंड्याकडे. त्याला श्लोक येत नव्हता, म्हणून मी त्याच्याकडे बघून हळूच म्हटलं, 'करमूले तु गोविंदः'.

बंड्या माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "मी नाही."

मी म्हटलं, "म्हण ना. करमूले तु गोविंदः."

"मी गोविंद नाहीये."

मुलं हसली. मी चेंडू घेतला आणि पुढच्या चिमुरडीला दिला. ती कायम तिसऱ्या जागेवर बसायची. तिने सवयीने खणखणीत आवाजात, बंड्याकडे मान वळवून म्हटलं, 'करमूले तूऽऽ गोविंदः!' झालं. बंड्याचा ओठ बाहेर आला. "आजी, ही मला गोविंद म्हणतेय!"

श्रोतेहो, इतकी वर्षं मी हा श्लोक शिकवतेय, आणि 'तु' हा मुलाच्या कानाला 'तू' ऐकू येतो हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मराठी घरातल्या मुलाने दुसरं काय समजायचं? शिवाय आम्ही सगळ्या बायका तो लांबवून म्हणतो, तूऽऽ. तो तसा म्हणायचाच नाही. हा अनुष्टुभ छंद आहे. चरणात आठ अक्षरं, आणि त्यातलं पाचवं अक्षर ऱ्हस्व. मोजून बघा: क, र, मू, ले, तु. पाचवं. ते झटकन म्हणायचं आणि जोर पुढच्या 'गो'वर द्यायचा. करमूले तु गोविंदः. असं म्हटलं की कोणी कोणाला गोविंद म्हणत नाही. चूक मुलाची नव्हती, माझी होती.

मी बंड्याचा हात हातात घेतला आणि त्याच्या मनगटाजवळ बोट ठेवलं. म्हटलं, "गोविंद इथे राहतो." त्याने मनगट कानाला लावलं. थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाला, "झोपलाय." आणि तो चरण म्हणायला तयार झाला.

पण खरी गंमत दुसऱ्या दिवशी झाली. बंड्याने आपल्या पाळीला व्यवस्थित म्हटलं, 'करमूले तु गोविंदः'. चेंडू त्या चिमुरडीकडे. तिला आता 'प्रभाते' म्हणायचं होतं. ती म्हणाली, 'करमूले'. मी म्हटलं, ते झालं बाळा, पुढचं. ती गप्प. तिच्या पुढचा रोज 'प्रभाते' म्हणायचा, त्याच्या वाट्याला आता 'कराग्रे' आलं. तोही गप्प. सगळा गोल गप्प! मी चेंडू बाजूला ठेवला आणि एकेकाला जवळ घेऊन विचारलं. आठ मुलांपैकी दोघांना पूर्ण श्लोक येत होता. बाकी सहा जणांना आपापला एकच चरण. तीन आठवडे!

आता लक्षात आलं ना? चरण चार, मुलं आठ. चेंडू फिरून आला की प्रत्येकाच्या हातात पुन्हा तोच चरण. बारा मुलं असती तरी तेच झालं असतं. सहा असती तर प्रत्येकाला दोनच चरण आले असते, आलटून पालटून. बंड्या नववा आला आणि प्रत्येक फेरीत चरण एकेका जागेने सरकला. चार फेऱ्यांत प्रत्येकाने सगळे चरण म्हटले. म्हणून सांगते, गोलात मुलं विषम हवीत. पाच, सात, नऊ. सम झाली की मी स्वतः आत बसते. गुडघे कुरकुरतात, पण बसते.

तुम्ही म्हणाल, आमच्या घरी कुठे नऊ मुलं! पण घरी तर ही चूक हमखास होते. एक चरण आई म्हणते, एक मूल म्हणतं. आईने सुरुवात केली की मुलाच्या वाट्याला कायम 'करमध्ये सरस्वती' आणि 'प्रभाते करदर्शनम्'. महिनाभर असं म्हटलं तरी त्याला अर्धाच श्लोक येणार, आणि तुम्हाला वाटणार पाठ झाला. एक दिवस तुम्ही सुरुवात करा, एक दिवस मुलाला करू द्या. किंवा बाबांना बसवा तिसरे. वर्तमानपत्र नंतर वाचतील.

श्लोक खरंच आलाय की नाही, हे बघायची माझी रीत सोपी आहे. मुलाला हात पाठीमागे बांधायला सांगायचं आणि श्लोक म्हणायला लावायचा. कृतीशिवाय आला तर आला. अडला तर अजून कृती हवी आहे. चार दिवस बोट पुन्हा फिरू द्या, मग कृती हळूहळू कमी करत आणा. मात्र ही परीक्षा पाहुण्यांसमोर घ्यायची नाही. 'काकांना म्हणून दाखव' या वाक्याने जितके श्लोक विसरले गेले असतील, तितके दुसऱ्या कशाने विसरले गेले नसतील. आणि काका तरी काय करतात? चहात बिस्कीट बुडवतात.

आता रोजचं म्हणणं. 'कराग्रे' सकाळचा आहे, तर तो सकाळीच म्हणायचा, अंथरुणात, पाय खाली टेकण्याआधी. तीनदा, जास्त नाही. वीस वेळा घोकून घेतलं की चौथ्या वेळेपासून मुलाचे फक्त ओठ हलतात. पहिल्या वेळी तुम्ही आधी म्हणू नका. त्याच्या हाताकडे बघा आणि थांबा. मनात पाचपर्यंत मोजा. नाहीच आलं, तर पहिलं अक्षर द्या, 'क', आणि पुन्हा थांबा. सगळा चरण देऊ नका. आपल्याला थांबवत नाही, तीच अडचण आहे. मूल आठवायला लागतं तोच आपण सांगून मोकळे होतो. पुन्हा सांगते: आधी थांबा, मग एक अक्षर.

वेदपाठशाळेत संथा देतात, गुरुजी एकदा म्हणतात आणि विद्यार्थी दोनदा. म्हणजे मुलाचं तोंड गुरूच्या दुप्पट चालतं. आपल्या घरात उलटं असतं.

काही घरांत आजी 'करमूले स्थिता गौरी' म्हणते. तेही प्रचलित आहे, त्यावरून भांडू नका. फक्त एका मुलाला एकाच वेळी दोन पाठ देऊ नका, ते नेमकं मनगटाशी अडकतं. घरात आधी ठरवा. आणि 'लक्ष्मीः'चं 'लश्मी' झालं तर तिथे अडवू नका. पुढच्या खेपेला तुम्ही स्पष्ट म्हणा, कान आपोआप दुरुस्त करतो.

खुणावताहेत बाहेरून. मला मनाच्या श्लोकांबद्दलही सांगायचं होतं. ते म्हणत चालता येतात. प्रत्येक ओळीत बारा अक्षरं, एक ऱ्हस्व आणि दोन दीर्घ, असं चारदा. एक छोटं पाऊल, दोन मोठी. 'गणाधी, शजोई, शसर्वां, गुणांचा'. दिवाणखान्याच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत एक ओळ होते. श्लोक दोनशे पाच आहेत, भिंती पुरतील.

बंड्या आता पहिलीत आहे. गोलात बसायला येत नाही, पण जिन्यावर बसून बघतो. गेल्या महिन्यात एक नवीन मुलगी आली. तिच्याकडे चेंडू आला, तिने म्हटलं 'करमूले तु', आणि थांबून विचारलं, "गोविंद कोण?" मी तोंड उघडायच्या आत जिन्यावरून आवाज आला, "मनगटात असतो. झोपलेला असतो, हळू म्हण."