सर्दीत गाताना: हळू आणि वरचा सूर काय सांगतो

नमस्कार. सर्दी झालीय, परवा कार्यक्रम आहे, गाऊ का नको, हा प्रश्न कॉयरमधल्या सगळ्यांना कधी ना कधी पडतोच, शिक्षकांना तर दर सीझनला. माझं म्हणणं असं की सर्दी किती आहे हे बघूच नका, ती स्वरतंतूंपर्यंत पोचलीय का ते बघा. नाक गळतंय, शिंका येतायत, डोकं जड झालंय, पण स्वरतंतू ठीक आहेत तर जरा सांभाळून गाता येतं. उलट नाक एकदम मोकळं पण बोलण्याचा आवाज अचानक जाड आणि खाली गेलेला, म्हणजे तंतूंना सूज आलीय. तो जाड आवाज काहींना छान वाटतो, बेस मिळाला म्हणतात, पण सुजलेला तंतू जड होतो म्हणून हळू कंप पावतो, एवढंच त्यामागे आहे.

आता हे ओळखायचं कसं? जोरात गाऊन कळत नाही, कारण जोर लावला की फुफ्फुसातून हवेचा दाब वाढतो आणि सुजलेले तंतूसुद्धा ढकलून हलवता येतात. म्हणून तर लोक म्हणतात की वॉर्मअपला आवाज खुलला होता, कार्यक्रमात काय झालं कळलं नाही. खुलला नव्हता, ढकलला होता. सूज सगळ्यात आधी दिसते ती हळू आणि वरच्या सुरात, कारण तिथे तंतूंची फक्त पातळ कड हलायला लागते आणि सुजलेली कड कमी दाबावर हलायला तयार नसते.

त्यामुळे टेस्ट अशी करा. आपल्या रेंजच्या वरच्या भागात, शेजारच्या खोलीत बाळ झोपलंय इतक्या हळू आवाजात, तोडून तोडून "हू हू हू हू हू", पाच सूर, प म ग रे सा असे खाली येत, मग अर्धा सूर वर चढवून परत. ऐकायचं काय, तर सुराची सुरुवात. तंतू बरे असतील तर सूर लगेच लागतो. सूज असेल तर आधी नुसती हवा जाते, "ह्ह्ह" असं काहीतरी, आणि सूर मागाहून येतो, किंवा येतच नाही. जिथे ही हवा ऐकू यायला लागली ती तुमची आजची हद्द. त्यावर जोर लावून मात करायची नाही, फक्त नोंद करायची. पण याचा उपयोग तेव्हाच जेव्हा बरं असतानाची हद्द माहीत असेल, म्हणून चांगल्या दिवशी पण सकाळी मिनिटभर हे करत जा.

एक उदाहरण सांगते. एक शिक्षिका, कॉयरमध्ये सोप्रानो, बरं असताना हळू आवाजात वरच्या जी पर्यंत आरामात जायची. सोमवारी नाक सुरू झालं, टेस्ट ठीक होती, मंगळवारी दिवसभर वर्गात बोलली, आणि बुधवारी सकाळी हवा ऐकू यायला लागली ती डी वरच, म्हणजे पाच अर्धे सूर खाली. शनिवारी कार्यक्रम. माझा नियम साधा आहे, एकदोन अर्धे सूर कमी झाले तर थोडं गा, चारपाच झाले किंवा बोलतानाच घोगरं येतंय तर गायचंच नाही. बुधवारच्या प्रॅक्टिसला ती आली, पेन्सिल घेऊन बसली, ऐकलं, खुणा केल्या, गायली नाही. खालच्या सप्तकात गुणगुणू का असं विचारत होती, तर तेही नको म्हटलं, सुजलेल्या तंतूंवर खालचा सूर दाबून काढला तरी घासणं होतंच. शुक्रवारी ती एफ पर्यंत पोचली, दोन अर्धे सूर कमी, तेव्हा मधल्या भागातल्या ओळी हळू गायली. शनिवारी थोडी अजून सुधारली आणि कार्यक्रमात उभी राहिली, पण वरच्या दोनतीन जागा तिने सोडल्या, त्या बाकीच्या सोप्रानोंनी घेतल्या. कॉयरचा हाच फायदा आहे, एकट्या गायकाला हे करता येत नाही.

मधल्या दिवसांत तिने काय केलं? स्ट्रॉ. इथे एक गोष्ट नीट सांगते कारण बरेच जण चुकतात. नेहमीचा वॉर्मअप आपण "म" वर, तोंड बंद करून गुंजन करून सुरू करतो. पण "म" म्हणताना हवा नाकातून जाते, आणि नाकच बंद असेल तर हवेला वाट नाही, मग माणूस नकळत घसा आवळतो. नाक धरून "म" म्हणून बघा, लगेच कळेल. म्हणून सर्दीत गुंजन सोडा, साधी स्ट्रॉ घ्या, ग्लासात थोडं पाणी, स्ट्रॉचं टोक पाण्यात दोनतीन सेंटिमीटर, आणि स्ट्रॉतून "ऊ" असा आवाज काढत बुडबुडे. आधी एकाच सुरावर, मग खालून वर आणि वरून खाली घसरत. पुढे हवा थोडी अडते, तो दाब मागे येऊन तंतूंना थोडं अलग ठेवतो, त्यामुळे ते आपटतात कमी. बुडबुडे सलग यायला हवेत, गाल सैल. टोक जास्त खोल नेलं तर जोर लागतो आणि मग उपयोग उलटा. दोनतीन मिनिटं, दिवसातून तीनचार वेळा पुरे, आणि ग्लास-स्ट्रॉ आपापली ठेवा. स्ट्रॉ नसेल तर ओठांची फुरफुर चालते.

पाण्याबद्दल, गायच्या आधी दोन घोट प्यायले की तंतू ओले होतात असं नाही, पाणी अन्ननलिकेतून जातं, तंतूंना लागतच नाही, शरीरातून तिथे पोचायला वेळ लागतो, म्हणून सकाळपासून पीत रहा. वाफ मात्र थेट पोचते, फक्त उकळत्या भांड्यावर वाकू नका, भाजतं. घसा बधिर करणारी गोळी चोखून गाणं मला अजिबात मान्य नाही, दुखणं हीच तर खूण असते. सर्दीच्या काही गोळ्या घसा कोरडा करतात, आणि ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्यांनी रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते, तेव्हा गायचंय हे डॉक्टरांना आधीच सांगा.

शिक्षकांनो, तुमचं नुकसान कॉयरमध्ये कमी आणि वर्गात जास्त होतं. गोंगाट वाढला की आपला आवाज नकळत चढतो, आपल्याला कळत पण नाही. त्या दिवशी लिहायचं काम द्या, जवळ जाऊन बोला, माइक असेल तर घ्या. आणि कुजबुजू नका प्लीज, बऱ्याच जणांचा घसा कुजबुजताना जास्त आवळला जातो, त्यापेक्षा हळू पण खऱ्या आवाजात बोला. सारखं खाकरणं पण तसंच, एक घोट घेऊन गिळा, चिकट कफ असेल तर अगदी हलकं, आवाज न करता खोका.

सर्दी गेली आणि घोगरेपणा तीन आठवड्यांनंतरही आहे तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन कॅमेऱ्याने तंतू बघून घ्या. गाताना किंवा खोकताना आवाज एकाएकी गेला तर तेवढं थांबूच नका, तंतूत रक्त साकळलेलं असू शकतं, त्या क्षणी गाणं-बोलणं बंद आणि त्याच दिवशी दाखवा. श्वासाला त्रास होत असेल किंवा गिळता येत नसेल तर थेट हॉस्पिटल.