जैविक वय आणि मधली दरी

नमस्कार श्रोतेहो. रक्ताचे किंवा लाळेचे काही थेंब द्या, तुमचं जैविक वय सांगतो, अशा तपासण्या आता विकत मिळतात. समजा सत्तर वर्षांच्या एका आजोबांच्या अहवालात 67 लिहून आलं. तीन वर्षांनी तरुण म्हणून घरात पेढे वाटायचे का? त्यासाठी आधी हा आकडा निघतो कसा, ते बघू.

आपल्या डीएनएमध्ये सायटोसिन नावाचं अक्षर जिथे ग्वानिनच्या लगेच आधी येतं, तिथे त्याला बहुतेक वेळा मिथाइलचा छोटा गट चिकटलेला असतो. मजकूर तोच राहतो, पण पेशी तो कसा वापरते यावर या गटाचा परिणाम होऊ शकतो. वय वाढतं तसं काही जागांवर मिथाइलचं प्रमाण चढतं, काही जागांवर उतरतं. प्रयोगशाळेत डीएनएवर बायसल्फाइटची प्रक्रिया करतात. उघड्या सायटोसिनचं त्यात युरासिल होतं, मिथाइल चिकटलेलं सायटोसिन तसंच राहतं. मग चिपवर प्रत्येक जागेचा आकडा वाचायचा, शून्य ते एकच्या दरम्यान. 0.6 आला, तर नमुन्यातल्या साधारण साठ टक्के प्रतींवर त्या जागी मिथाइल आहे.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या स्टीव्ह होर्वाथ यांनी 2013 मध्ये सुमारे 8,000 नमुन्यांवरून 353 जागा निवडल्या. निवड संगणकानं केली. निकष एकच, खरं वय ओळखायला कोणत्या जागा मिळून उपयोगी पडतात. प्रत्येक जागेच्या आकड्याला ठरलेल्या भारांकानं गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि त्यावरून वय काढायचं. अशा गणिताला घड्याळ म्हणतात. रक्त, मेंदू, यकृत अशा कितीतरी ऊतींना हे एकच गणित लागू पडलं, याचं मला आजही नवल वाटतं. चूक मात्र मध्यकानं 3.6 वर्षांची होती, म्हणजे निम्म्या नमुन्यांत त्याहूनही जास्त.

आता आजोबांकडे वळू. 70 उणे 67, तीन वर्षांचा फायदा, असा हिशोब फसवा आहे. ही घड्याळं म्हाताऱ्या माणसांचं वय बरेचदा कमी दाखवतात. म्हणून संशोधक सरळ वजाबाकीवर थांबत नाहीत. एका गटातल्या सगळ्यांचं खरं वय आणि घड्याळाचं वय आलेखावर मांडतात, त्यातून एक रेषा काढतात आणि माणूस त्या रेषेच्या वर आहे की खाली, ते पाहतात. समजा त्या गटात सत्तरीच्या माणसांचं सरासरी उत्तर 66 येतं. मग आपले आजोबा एका वर्षानं पुढेच निघाले! पेढे राहू द्या. आणि चूक किती वर्षांची असू शकते हे पाहता त्या एका वर्षालाही घाबरायचं कारण नाही.

शिवाय रक्त ही अनेक पेशींची मिसळ असते. कोणत्याही जंतूशी गाठ न पडलेल्या टी-पेशी वयाबरोबर कमी होतात, आणि प्रत्येक पेशीप्रकाराचा मिथाइलचा ठसा वेगळा. तेव्हा आकडा हलला, तर पेशी म्हाताऱ्या झाल्या की नुसतं त्यांचं प्रमाण बदललं, हे वेगळं काढावं लागतं.

मग घड्याळाचं वय आणि खरं वय यांच्यातली ही दरी निरर्थक का? तसंही नाही. 2015 मध्ये चार अभ्यासगट एकत्र पाहिले, तेव्हा घड्याळ वयापेक्षा पाच वर्षं पुढे असलेल्यांत मृत्यूचा धोका जास्त आढळला. होर्वाथ यांच्या घड्याळानं तो सुमारे 11 टक्के, तर फक्त रक्तावर बेतलेल्या हॅनम यांच्या घड्याळानं 21 टक्के. हे मात्र गटाचं चित्र आहे. एकट्या आजोबांचं भविष्य त्यात वाचता येत नाही.

यातली खरी गंमत 2019 मध्ये दिसली. जास्त नमुने वापरून घड्याळ जन्मतारखेच्या जितकं जवळ नेलं, तितका दरीचा मृत्यूशी संबंध विरत गेला. साहजिकच आहे, जन्मतारीख हुबेहूब सांगणाऱ्या घड्याळात दरीच उरत नाही. म्हणून ग्रिमएज हे त्याच वर्षीचं घड्याळ वेगळ्या पद्धतीनं बांधलं. मिथाइलच्या नोंदींवरून रक्तातल्या काही प्रथिनांचा आणि धूम्रपानाचा अंदाज घ्यायचा, आणि त्यावरून माणूस किती काळ जगेल याचा. त्याचं उत्तर वर्षांत येतं खरं, पण ते मृत्यूच्या धोक्याचं वर्षांत केलेलं रूपांतर आहे. होर्वाथ यांच्या आकड्याशेजारी ठेवून त्याची तुलना करू नये.

कोणी सहा महिने योग करून पुन्हा तपासणी केली आणि चार वर्षं कमी आली, तरी एक प्रश्न विचारावाच लागतो: एकच नमुना दोनदा तपासला, तर किती फरक पडतो? 2022 च्या एका अभ्यासात काही घड्याळांमध्ये तो नऊ वर्षांपर्यंत गेला होता. एकेकट्या जागांऐवजी पुष्कळ जागांचा एकत्रित कल वापरला, की हा गोंधळ बराच कमी होतो. अहवाल देणारी प्रयोगशाळा कोणतं घड्याळ वापरते आणि त्याच नमुन्याच्या फेरतपासणीत तिला किती फरक येतो, या दोन गोष्टी विचारून घ्या. त्या कळल्या नाहीत, तर आधीच्या आणि नंतरच्या अहवालातली ती चार वर्षं मोजू नका.