‘शळा’पासून ‘शाळा’पर्यंत: तक्ता भरताना

कुणी ‘शळा’ टाइप केलं, तर संगणकाने ‘शाळा’ सुचवायचं कशावरून? लेव्हेन्श्टाइन यांनी 1965 साली मांडलेलं माप इथे कामी येतं. एक चिन्ह घालणं, एक काढणं किंवा एक बदलणं, प्रत्येकाला खर्च एक. कमीत कमी किती खर्चात पहिल्या शब्दाचा दुसरा होतो, ते अंतर.

टाइप केलेला शब्द उभा लिहू, बरोबर शब्द आडवा. काना हे संगणकाच्या लेखी वेगळं चिन्ह, म्हणून त्यालाही स्वतंत्र रकाना.

```
      -  श  ा  ळ  ा
-     0  1  2  3  4
श     1  0  1  2  3
ळ     2  1  1  1  2
ा     3  2  1  2  1
```

पहिली ओळ म्हणजे काहीच टाइप केलेलं नसताना किती चिन्हं घालावी लागतील. पहिला स्तंभ म्हणजे किती काढावी लागतील. उरलेल्या प्रत्येक घरासाठी तीन शेजारी बघायचे. वरच्यात एक मिळवा (चिन्ह काढलं), डावीकडच्यात एक मिळवा (चिन्ह घातलं), आणि तिरप्या घरात चिन्हं सारखी असतील तर शून्य, नसतील तर एक मिळवा. तिन्हींत लहान असेल ते लिहा. ‘ळ’च्या ओळीत ‘ळ’खालचं घर पाहा: वरून तीन, डावीकडून दोन, तिरप्यातून एकच. म्हणून एक. खालच्या उजव्या कोपऱ्यातलं 1 हे उत्तर. तिथून उलट चालत गेलात, तर ‘श’च्या ओळीत एकदाच डावीकडे सरकावं लागतं. राहिलेला काना तो तिथलाच.

पहिली ओळ सवयीने शून्यांनी भरली, तर तक्ता तक्रार करत नाही, भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतो. ‘ळा’ आणि ‘शाळा’ यांचं अंतर शून्य आलं, की समजावं, आपण तुकडा शोधतोय.

मराठीत आणखी एक घोळ होतो. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ एकाच चिन्हाने (U+0931) लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी (U+0930, U+093C). पडद्यावर दोन्ही सारखेच, पण अंतर शून्य येत नाही. म्हणून तक्ता भरण्याआधी दोन्ही शब्द NFC या युनिकोडच्या ठरलेल्या रूपात आणायचे. त्यात ‘ऱ’ एकाच चिन्हाचा होतो.

आता ‘मुलगि’ घ्या. ‘मुलगी’ एक अंतरावर, ‘मुलगा’ही एक अंतरावर, आणि ‘मुलगे’सुद्धा! शब्द किती वापरात आहे ते बघूनही पेच सुटेलच असं नाही, कारण पहिले दोन तर रोजचेच. पण मराठी लिहिणाऱ्याची चूक बहुधा ऱ्हस्व-दीर्घाची असते. म्हणून ि-ी आणि ु-ू या अदलाबदलीचा खर्च एकऐवजी, समजा, 0.4 धरायचा. तक्ता तोच, तिरप्या घरात मिळवायची रक्कम तेवढी बदलते. ‘मुलगी’ 0.4 वर येते, बाकीचे दोघे एकवरच राहतात.