प्रवाशाचा शेवटचा दिवस कसा बिघडवावा?

श्रोतेहो, नमस्कार.

पर्यटनात नवा व्यवसाय सुरू करू पाहणारी चार माणसे एकत्र बसली की बहुतेक वेळा 'प्रवाशांना आणखी काय देता येईल' याच प्रश्नाने सुरुवात होते आणि तासाभरात वहीत ठरावीक उत्तरे उतरतात: स्वस्त सहल, खाद्यभ्रमंती, आणखी एखादे अ‍ॅप. अशा वेळी प्रश्नच उलटा करून पाहावा. प्रवाशाचा बेत हमखास फसावा यासाठी आपण काय काय करू, असे विचारावे. यालाच उलटे विचारमंथन म्हणतात. आज त्याचे एकच उदाहरण आपण तपशिलात पाहू.

पहिली अट अशी की प्रश्न अरुंद असावा. 'सहल कशी बिघडवावी' असे विचारले तर पाऊस, आजारपण, चोरी अशी आपल्या हाताबाहेरची उत्तरे येतात. त्याऐवजी 'सहलीचा शेवटचा दिवस कसा वाया घालवावा' असे विचारा. मग प्रत्येकाने दहा मिनिटे न बोलता आपापल्या कागदावर लिहावे, कारण मोठ्याने बोलायला लागले की गटातील एक विनोदी माणूस सगळ्यांना आपल्या वाटेने नेतो. कागद एकत्र केले की साधारण अशी वाक्ये दिसतात: प्रवाशाला सकाळी ११ वाजता खोलीबाहेर काढावे, त्याचे विमान रात्री ९ चे असावे, दोन जड बॅगा त्याच्या गळ्यात माराव्यात, संग्रहालयात मोठ्या बॅगा नेऊ देऊ नयेत, घामेजल्या कपड्यांनिशी त्याला विमानतळावर पाठवावे.

आता यादीतील जी गोष्ट आजही जगात रोज घडते तिच्यापुढे खूण करायची. वरच्या यादीत जवळजवळ प्रत्येक वाक्यापुढे खूण होईल, आणि माझ्या मते या पद्धतीचा सगळा कस इथेच आहे. आपण खोडसाळपणे रचलेले अपयश कोणीतरी निमूटपणे सोसत असेल, तर तिथे ग्राहक आहे.

यानंतर बहुतेक गट घाई करतात आणि वाक्य जसेच्या तसे फिरवतात: ११ ऐवजी संध्याकाळी ६ वाजता खोली सोडू द्यावी. हे हॉटेलला परवडणारे नसते, कारण दुपारी २ किंवा ३ वाजता पुढचा पाहुणा येतो आणि मधल्या तीन-चार तासांत सगळ्या खोल्या स्वच्छ करायच्या असतात. म्हणून वाक्य फिरवण्याआधी कारण शोधावे. प्रवाशाला दुपारी खरोखर काय हवे असते? पलंग नव्हे. त्याला बॅगा ठेवायला जागा हवी असते आणि निघण्यापूर्वी अंघोळ करायची असते. खोलीपासून या दोन गरजा सुट्या केल्या की व्यवसायाची कल्पना आपोआप आकार घेते: दुकानांतील रिकाम्या कोपऱ्यांत काही तास सामान सांभाळण्याची सेवा. लंडनमध्ये २०१५ मध्ये सुरू झालेली स्टॅशर ही कंपनी नेमके हेच करते. दुकाने आणि हॉटेले जागा देतात, ग्राहक शुल्क भरतो आणि त्यातला वाटा जागा देणाऱ्याला मिळतो.

पण थांबा. हॉटेलचे रिसेप्शन बहुधा पाहुण्याच्या बॅगा फुकट ठेवून घेते. मग पैसे कोण देईल? म्हणून खूण केलेल्या प्रत्येक वाक्याला 'हे नेमके कोणाच्या बाबतीत घडते' असाही प्रश्न विचारावा. भाड्याच्या सदनिकेत उतरलेल्या प्रवाशाला रिसेप्शन नसते. किल्ली पेटीत टाकली की त्याचा आसरा संपतो. त्याच दिवशी येऊन त्याच दिवशी परतणाऱ्याची स्थितीही अशीच असते. ग्राहक हे दोघे आहेत, आणि म्हणून जागाही हॉटेलांच्या गल्लीत न शोधता सदनिकांची वस्ती आणि स्थानक यांच्या मध्ये शोधावी लागते.

कल्पना पक्की झाली की तिच्यावर हेच हत्यार पुन्हा चालवावे. प्रवाशाला बॅग वेळेवर मिळू नये यासाठी काय करावे? दुकान रात्री ८ ला बंद करावे, मालकाने पावती न देता चेहरा लक्षात ठेवावा, बॅग हरवली तर भरपाई कोण देणार हे ठरवूच नये. या दुसऱ्या यादीतून नवी कल्पना निघत नाही. निघतात त्या करारातील अटी. प्रत्येक बॅगेवर क्रमांकाचे सील, भरपाईची मर्यादा आधीच छापलेली पावती आणि विमा हे सॉफ्टवेअर लिहिण्याआधी ठरवायला हवे. चाचणीला एकच दुकान आणि कागदी पावतीपुस्तक पुरते. मात्र ते दुकान शेवटची गाडी सुटेपर्यंत उघडे राहणारे निवडावे, मग तिथले भाडे थोडे जास्त पडले तरी चालेल.