रेणूंना नावं ठेवताना

नमस्कार श्रोतेहो. आज आपण नावं ठेवणार आहोत. माणसांना नव्हे, रेणूंना. कागद-पेन्सिल घेऊन बसा. रेडिओवर फळा नसतो, त्यामुळे मी सांगेन ती सूत्रं तुम्हालाच लिहून घ्यावी लागतील.

पहिलं सूत्र लिहा, एन ओ टू: NO₂. त्याच्याखाली लिहा एन टू ओ फोर: N₂O₄. दोन्हींत मूलद्रव्यं तीच, नायट्रोजन आणि ऑक्सिजन. प्रमाणही तेच, एका नायट्रोजनमागे दोन ऑक्सिजन. गणिताच्या वहीत हे आलं असतं, तर दुसऱ्याला दोनाने भागून तुम्ही मोकळे झाला असता. इथे मात्र तसं करता येत नाही, कारण हे दोन वेगळे पदार्थ आहेत. पहिला तपकिरी आहे, दुसऱ्याला रंगच नाही. बंद काचनळीत हे दोन्ही एकत्र नांदतात. ती नळी बर्फाच्या पाण्यात बुडवली, की तपकिरी रंग फिकट होत जातो, कारण NO₂ चे दोन-दोन रेणू जोडीने चिकटून N₂O₄ तयार होतो. तीच नळी गरम पाण्यात धरली, की जोड्या सुटतात आणि रंग पुन्हा गडद होतो.

आता मला सांगा, या दोघांनाही नुसतं 'नायट्रोजन ऑक्साइड' म्हटलं, तर कुणाबद्दल बोलतोय ते कळणार कसं? आणि प्रश्न या दोघांपुरताच नाही. NO आहे, N₂O आहे, N₂O₃ आहे, N₂O₅ आहे. सगळेच नायट्रोजनचे ऑक्साइड. म्हणून नावातच अणूंची मोजणी सांगायची सोय केली आहे, आणि ती मोजणी बहुतेक ग्रीक आकड्यांत आहे.

हे आकडे पाठ करताना मुलं दमतात. खरं तर मराठी माणसाला ते अर्धे आधीच येत असतात. ग्रीक आणि संस्कृत या एकाच भाषाकुळातल्या, त्यामुळे कान देऊन ऐका: दोनासाठी डाय, आपलं द्वि. तिनासाठी ट्राय, आपलं त्रि. पाचासाठी पेंटा, आपलं पंच. सातासाठी हेप्टा, आपलं सप्त. आठासाठी ऑक्टा, आपलं अष्ट. दहासाठी डेका, आपलं दश. एकासाठी मोनो, चारासाठी टेट्रा आणि सहासाठी हेक्झा हे तेवढे घोकावे लागतील. नवासाठी नोना आहे, तो ग्रीक नसून लॅटिन आहे. पण त्याची गाठ क्वचितच पडते.

आता N₂O₄ चं नाव तयार करू. पहिलं मूलद्रव्य नायट्रोजन, अणू दोन: डायनायट्रोजन. दुसरं ऑक्सिजन, अणू चार. दुसऱ्या मूलद्रव्याचं शेपूट कापून तिथे 'आइड' लावायचं, म्हणजे ऑक्सिजनचं ऑक्साइड, क्लोरिनचं क्लोराइड, सल्फरचं सल्फाइड. चाराचा टेट्रा पुढे जोडला की झालं: डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड. आणि NO₂ म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. इथे 'मोनोनायट्रोजन' म्हणत नाहीत. पहिल्या मूलद्रव्याचा अणू एकच असेल, तर मोनो गाळतात. दुसऱ्या मूलद्रव्याला मात्र तो लावतात, म्हणून CO हा कार्बन मोनॉक्साइड.

तुम्ही विचाराल, मोनो अधिक ऑक्साइड, मग मोनोऑक्साइड का नाही? उच्चाराच्या सोयीसाठी मोनोतला 'ओ' गळतो. तसाच टेट्रा आणि पेंटाचा 'आ' गळून टेट्रॉक्साइड, पेंटॉक्साइड अशी नावं रूढ झाली. डाय आणि ट्राय यांचा स्वर कधीच गळत नाही. नामकरणाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, आययूपॅकच्या, 2005 सालच्या शिफारशी तर म्हणतात की मोनॉक्साइड सोडून बाकी ठिकाणी स्वर गाळूच नका, पेंटाऑक्साइड असंच म्हणा. त्यामुळे दोन्ही रूपं दिसली तर गोंधळू नका. परीक्षेत तुमच्या पुस्तकात असेल ते लिहा.

दोन्हींतलं आधी कुणाला लिहायचं? इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्यात जो कमी पडतो, त्याला आधी. ऑक्सिजन बहुतेकांना भारी पडतो, म्हणून तो शेवटी येतो. फक्त फ्लुओरिनपुढे त्याचं चालत नाही, म्हणून OF₂ चं नाव ऑक्सिजन डायफ्लुओराइड.

आता नेहमी होणाऱ्या चुकीकडे येते. मी शिकवायला लागले त्या पहिल्याच वर्षी, अर्ध्याअधिक वर्गाने CaCl₂ ला 'कॅल्शियम डायक्लोराइड' लिहिलं होतं. मुलांचा तर्क चुकीचा नव्हता. क्लोरिन दोन आहेत, मग डाय का नाही? कारण कॅल्शियम धातू आहे आणि हे संयुग आयनिक आहे. कॅल्शियमचा आयन नेहमी दोन धनप्रभारांचा, क्लोराइड एका ऋणप्रभाराचा. हिशेब जुळायला दोन क्लोराइड लागणारच. मोजणी सांगायची गरजच नाही, कॅल्शियम क्लोराइड एवढं पुरे. ग्रीक आकडे लागतात ते दोन अधातूंच्या, म्हणजे सहसंयुज संयुगांच्या नावांत, कारण अधातू एकमेकांशी अनेक प्रमाणांत संग करतात. तेव्हा नाव लिहिण्याआधी पहिल्या चिन्हावर बोट ठेवा आणि विचारा: हा धातू आहे का? असेल, तर डाय-ट्राय विसरा.

दुसरी चूक नावावरून सूत्र लिहिताना होते. 'डायसल्फर डायक्लोराइड' ऐकलं, की S₂Cl₂ लिहायचं आणि हात थांबवायचा. दोनाने भाग देऊन SCl करायचं नाही. ती काटछाट आयनिक संयुगांत चालते, कारण तिथे सूत्र हे फक्त प्रमाण असतं. इथे सूत्र म्हणजे एका रेणूतले प्रत्यक्ष अणू. SCl₂ हा तर आणखी तिसराच मामला, त्याचं नाव सल्फर डायक्लोराइड. जुन्या नावांमुळेही फसगत होते. बाटलीवर 'फॉस्फरस पेंटॉक्साइड' असं लिहिलेलं असतं. हे नाव P₂O₅ या प्रमाणावरून पडलं, पण प्रत्यक्ष रेणू निघाला P₄O₁₀. आपल्या नियमाने त्याला टेट्राफॉस्फरस डेकॉक्साइड म्हणायला हवं. तरी जुनं नाव चिकटून आहे, आणि मला वाटतं, ते बराच काळ राहील.

आता आम्लांकडे वळू. इथे ग्रीक आकडे सोडून द्यायचे आणि दुसरीच खूण पाहायची: आम्लात ऑक्सिजन आहे की नाही.

HCl लिहा. कोरडा वायू असेल, तर त्याचं नाव हायड्रोजन क्लोराइड. तोच वायू पाण्यात विरघळला, की हायड्रोक्लोरिक आम्ल. सूत्र तेच आणि नावं दोन, कारण आम्लाचं नाव पाण्यातल्या द्रावणासाठी राखून ठेवलं आहे. बऱ्याच जणांना वाटतं की 'हायड्रो' म्हणजे पाणी. तसं नाही. इथे तो हायड्रोजनचा हायड्रो आहे, आणि नावाच्या सुरुवातीला तो दिसला की समजायचं, या आम्लात ऑक्सिजन नाही.

यामागे एक गंमत आहे. 1780 च्या दशकात लॅव्हॉझिएची खात्री होती की प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच. म्हणूनच त्याने ऑक्सिजनला 'आम्ल घडवणारा' अशा अर्थाचं ग्रीक नाव दिलं. या आम्लातही ऑक्सिजन दडलेला असणार, असं तेव्हा धरून चालले होते. 1810 मध्ये हम्फ्री डेव्हीने दाखवून दिलं की क्लोरिन हे स्वतःच मूलद्रव्य आहे आणि या आम्लात ऑक्सिजनचा मागमूस नाही. ऑक्सिजनचं नाव मात्र तसंच राहिलं.

आता ऑक्सिजनवालं आम्ल, H₂SO₄. यातले हायड्रोजन बाजूला काढा. उरतो SO₄, म्हणजे सल्फेट. शेवटी 'एट' असेल, तर आम्लाच्या नावात 'इक' येतं: सल्फ्युरिक आम्ल. आता H₂SO₃ घ्या. उरतो SO₃, म्हणजे सल्फाइट. शेवटी 'आइट' असेल, तर 'अस' येतं: सल्फ्युरस आम्ल. हायड्रोजन दोन असूनही कुठेच डाय नाही, कारण सल्फेटचे ऋणप्रभार दोन हे ठरलेलं आहे. त्यांना दोन हायड्रोजन लागणारच. कॅल्शियम क्लोराइडचाच न्याय.

इथे एक सावधगिरी. 'इक' म्हणजे ऑक्सिजन जास्त आणि 'अस' म्हणजे कमी, एवढंच कळतं. किती, ते कळत नाही. सल्फ्युरसमध्ये ऑक्सिजन तीन आहेत. नायट्रिक आम्लातही तीनच, HNO₃. तीन पाहून 'इक' ठरवायला गेलात, की सल्फ्युरस चुकणार. त्यामुळे सल्फेटमध्ये चार, नायट्रेटमध्ये तीन, कार्बोनेटमध्ये तीन, फॉस्फेटमध्ये चार, हे एकदा लक्षात ठेवावंच लागतं. त्याला आडवाट नाही.

आज शिकलेली दोन्ही प्रकारची नावं एका जागी भेटतात, ते पाहून थांबू. सल्फर डायऑक्साइड पाण्यात गेला की सल्फ्युरस आम्लाचं द्रावण म्हणतात. सल्फर ट्रायऑक्साइडची पाण्याशी अभिक्रिया झाली की सल्फ्युरिक आम्ल. डायवाल्याचा 'अस', ट्रायवाल्याचा 'इक'.

कागदावर शेवटचं सूत्र लिहा: H₂S, पाण्यात विरघळलेला. हे सल्फ्युरिक नाही आणि सल्फ्युरसही नाही, कारण यात ऑक्सिजनच नाही. सुरुवातीला हायड्रो, शेवटी इक: हायड्रोसल्फ्युरिक आम्ल. विद्यार्थी असताना मी हे नाव H₂SO₄ ला दिलं होतं आणि गुण गमावले होते. माझ्या सरांनी त्या नावाखाली लाल शाईने एवढंच लिहिलं होतं: "ऑक्सिजन कुठे गेले?"